आबांचं वाक्य

लूमच्या कारखान्यात आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, शेवटचा दिवस होता, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी ताईनं एक पोस्ट लिहून मला पाठवली. ताई शहराबाहेर इच्छापोरला एका कंपनीच्या ऑफिसात काम करते. तिचं शिक्षण बारावीपर्यंत. कॉलेजात जाणारी आमच्या घरात मी पहिली. "तू जरा नीट कर. फार खिचडी झाली आहे," ती म्हणाली, "आणि आबा स्वतः वाचणार आहेत हं. मी त्यांच्या हातात फोन देणार आहे."

खिचडी होतीच. "आज आबा लास्ट टाइम मशीन बंद करणार, आय फील सो इमोशनल वाटतंय." एकच गोष्ट दोन भाषांत दोनदा, तीही एकाच वाक्यात. कुठे इंग्रजी शब्द देवनागरीत, कुठे मराठी शब्द रोमन अक्षरांत. मी मन लावून बसले. आधी दुहेरी झालेलं काढलं: "आय फील" गेलं, "भरून येतंय" आलं. कारखाना, मशीन, ऑफिस तसेच ठेवले, कारण आम्ही घरात तेच बोलतो. मग ठरवलं की वाक्याच्या पोटात भाषा बदलायची नाही. बदलायची तर पूर्ण वाक्य, नव्या ओळीवर, त्याच्या स्वतःच्या लिपीत. म्हणजे वाचणाऱ्याला कळेल, इथे मुद्दाम वळलो आहोत.

शेवटी आबांचं एक वाक्य होतं. माझी दहावी झाली तेव्हा आमच्या नवागाम वस्तीतल्या एका काकूंनी सुचवलं होतं, पोरीला आता साडीचे धागे कापायच्या कामाला बसवा. आबा तेव्हा जेवत होते. मान वर न करता मला म्हणाले, "मी शे ना आठे. तू शिक." ताईनं ते जसंच्या तसं लिहिलं होतं.

मी तिथे अडले. मराठी, इंग्रजी आणि वर आमची घरची अहिराणी. तिसरी भाषा आली की पुन्हा खिचडी वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. पोस्टमध्ये ताई मला टॅग करणार होती, म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलीही ती वाचणार होत्या. मी कॉलेजात अहिराणी बोलत नाही. मी लिहिलं:

I am here. You study.

एकटी, शेवटची ओळ. दिसायला फार सुंदर दिसली. ताईनं दुसऱ्या दिवशी सकाळच्या घाईत न वाचताच टाकली. तिचा माझ्यावर विश्वास होता.

त्याच दुपारी कारखान्याच्या दारात चहा आणि लोचो, हा इथला वाफवलेला फराळ, होता. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून आबा काम सोडत होते, तरी त्या दिवशी उभेच होते. ताईनं फोन दिला. आबा चौथीपर्यंत शिकले आहेत. पडद्यावर बोट ठेवून, एकेक शब्द ओठांत म्हणत त्यांनी वाचलं. सोबतचे चार-पाच कामगार जवळ सरकले. "भरून येतंय"पाशी आबा थांबले, ताईकडे बघून हसले, पुढे गेले. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं ते थांबलंच.

"हाई काय लिखेल शे?"

"तुमचंच वाक्य आहे, आबा," मी म्हणाले.

"मन्हं? मी इंग्रजीमा कवय बोलनू?"

शेजारी उभे असलेले एक कामगार काका खो खो हसले. "आबा, तुम्ही तं साहेब व्हयी गयात! आते घरमा बी इंग्रजी झाडा!" सगळे हसले. आबाही हसले. फोन ताईकडे देत म्हणाले, "चांगलं लिखं बेटा," आणि चहाचा कप उचलला.

ताईनं तेव्हा पहिल्यांदा शेवटची ओळ पाहिली. रिक्षात ती हळूच म्हणाली, "नीट करायला दिलं होतं गं. ते वाक्य आबा तुला बोलले होते. तूच बदललंस?"

घरी येऊन मी तिच्याकडून फोन घेतला आणि ओळ बदलली. मी शे ना आठे. तू शिक. वरच्या साध्या मराठीनंतर ती वाचली तेव्हा दिसलं, त्या सगळ्या पोस्टमध्ये मुद्दाम भाषा बदलावी अशी जागा तेवढी एकच होती. इंग्रजीची तिथे गरजच नव्हती.

संध्याकाळी मी फोन घेऊन आबांजवळ गेले. "आबा, आता नीट केलंय. बघा ना."

ते गुडघ्यांना तेल लावत होते. हात तेलकट होते. "दुपारले वाचं ना मी," ते म्हणाले. "चांगलं शे."

मी वाचून दाखवू का, असं विचारायला हवं होतं. पण त्यांच्यासमोर अहिराणीत ते वाक्य मोठ्यानं म्हणायला माझी जीभ वळली नाही. मी फोन चार्जिंगला लावला.