एकही विशेषण नसलेला निरोप

बुऱ्हाणपुरात मराठी शाळेतून, पोस्टातून नाहीतर तहसीलीतून कोणी निवृत्त झाला, की त्याचं मानपत्र लिहायला माणसं माझ्याकडे यायची. अकरा वाजता डोळे चोळत उगवणारा बाबू माझ्या मानपत्रात ‘वक्तशीर’ व्हायचा. ज्याला पाहून पोरं खिडकीतून उड्या टाकायची, तो गुरुजी ‘विद्यार्थिप्रिय’ व्हायचा. शाल, श्रीफळ, मावा जिलेबी आणि माझी विशेषणं एवढं जमलं, की माणूस सुखरूप घरी. लाज वाटायची का म्हणाल, तर नाही. समोरचा ढसाढसा रडायचा हो. रडणाऱ्या माणसाला कोण खोटं पाडणार?

मी स्वतः हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो आणि आठच दिवसांनी बायकोनं सांगितलं की तिच्या छातीत गाठ आहे. पाच महिन्यांत ती गेली. त्या पाच महिन्यांत इंदूरच्या हॉस्पिटलात फाईल चाळताना मला पहिल्या तपासणीचा कागद दिसला. त्यावर माझ्या मुलीची सही होती आणि तारीख होती माझ्या निरोप समारंभाच्या दीड महिना आधीची. मी कागद परत फाईलीत घातला. मुलगी दोन गल्ल्या सोडून राहते, रोज डबा आणते. आम्ही बोलायचो ते गॅसच्या टाकीबद्दल आणि वांग्यांबद्दल. त्यात आम्ही अगदी तज्ज्ञ झालो.

मग एका कार्यक्रमात माईक हातात घेतला आणि छातीत अशी धडधड सुरू झाली की खालीच बसलो. घाम, हातपाय गार. पुढे भाजीबाजारातही तेच. ईसीजी काढला, रक्त तपासलं. हृदय म्हणे तरुणासारखं. डॉक्टर म्हणाले, “सर, आता जरा वर जाऊन या.” मी म्हटलं, एवढ्यात? तर त्यांना गावातल्याच लालबाग भागातली, त्यांच्या दवाखान्याच्या वरची खोली म्हणायची होती. तिथे एक समुपदेशक बसायची. मुलीनं मला रिक्षात कोंबून नेलं.

समुपदेशक म्हणजे माझ्या शेवटच्या बॅचच्या पोरींएवढी पोरगी. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं की साधारण बारा भेटी, मग आपण थांबू. इथे बोललेलं इथेच राहील. तुमच्या किंवा कोणाच्या जिवाला धोका वाटला तरच दुसऱ्याला सांगेन. मी विचारलं, “मुलीलाही नाही?” ती म्हणाली, “त्यांनाही नाही, सर.” वा! आमच्या गावात शिंक आली तरी तीन घरांतून विचारपूस होते, आणि ही म्हणे सांगणार नाही.

पण पोरगी खमकी निघाली. धडधड आली की श्वास हळू सोडायला शिकवलं, बाजारातून पळून न येता जागेवर थांबायला लावलं. आधी पाच मिनिटं, मग दहा. केळीवाल्यासमोर मी इतका वेळ उभा राहायचो की तो मला ग्राहक समजणं सोडून नातेवाईक समजू लागला. सातव्या भेटीत त्या तपासणीच्या कागदाबद्दल आणि बायकोवरच्या रागाबद्दल माझ्या तोंडून निसटलं. लगेच मी विषय बदलून शिक्षण खात्याच्या नालायकपणावर आणला. तिनं तेही ऐकून घेतलं. मला वाटलं, सुटलो.

नवव्या भेटीनंतर तिनं भेटी लांबवल्या, आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. का, तर तिच्याशिवाय मला किती जमतं ते दोघांनाही दिसावं म्हणून. शेवटच्या भेटीत ती समारोपाचं पत्र देणार, आपण ते सोबत वाचू, चुकीचं काही असेल तर मी दुरुस्त करायचं, एक प्रत माझी आणि एक तिच्या फाईलीत, असं ठरलं. समारोपाचं पत्र! म्हणजे माझ्या धंद्यातली गोष्ट. आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलं, आता आपल्या पानात काय पडतंय ते बघू म्हटलं. मी इस्त्रीचा सदरा घातला, शाल, नारळ आणि जिलेबी घेतली, आणि तिच्यासाठी दीड पानी मानपत्रही लिहून नेलं. त्यात ती ‘ज्ञानतपस्विनी’ होती.

शाल आणि नारळ तिनं हात जोडून परत केले, म्हणाली भेटवस्तू घेत नाही. जिलेबी मात्र आपण दोघं खाऊ. मग तिनं पत्र पुढे केलं. साधा कागद, साधी वाक्यं. ‘तुम्ही आलात तेव्हा माईकसमोर आणि बाजारात धडधड होत होती. आता बाजारात थांबता येतं. माईक अजून हातात घेतलेला नाही.’ धडधड परतण्याआधीच्या माझ्या खुणा लिहिल्या होत्या: जेवण टाळणं, फोन न उचलणं, प्रत्येकाची चेष्टा करत सुटणं. तसं झालं तर आधी काय करायचं, छातीत खरंच दुखलं तर मनाचंच असेल म्हणून घरी न बसता डॉक्टरकडे जायचं, आणि पुन्हा यावंसं वाटलं तर या, ती हार नव्हे, असंही होतं.

“मॅडम,” मी म्हटलं, “इथे ‘धैर्याने’ घाला ना. ‘वयाची तमा न बाळगता’ पण छान बसेल.”

“घटना चुकली असेल तर बदलते, सर. सजवत नाही.”

शेवटी ‘राहिलेलं काम’ असा भाग होता. ‘बारा भेटींत तुम्ही पत्नीचं प्रत्येक वेळी कौतुक केलंत. त्यांनी आजार लपवल्याचा राग आल्याचं एकदाच, सातव्या भेटीत बोललात. मुलीला तुम्ही तो कागद पाहिल्याचं अजून सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही, कधी, हे तुम्ही ठरवाल. मला ते महत्त्वाचं वाटतं, म्हणून लिहिते आहे.’

मी भडकलो. निरोपाच्या कागदावर माणसाची उणीदुणी लिहितात काय? काढा म्हटलं ते. ती म्हणाली, “खोटं आहे का?” मी चष्मा पुसत बसलो. तिनं थांबून सांगितलं की हवं तर माझ्या प्रतीतून तो भाग वगळून देते, पत्र माझं आहे, कोणाला दाखवायचं तेही माझ्या हातात. मेलीनं निर्णयसुद्धा माझ्याच गळ्यात मारला. मी म्हटलं, राहू द्या.

तिथून सरळ मुलीकडे गेलो. ती भाजी निवडत होती. मी पत्र तिच्या पुढ्यात ठेवलं आणि हेडमास्तरी आवाजात म्हटलं, “शेवटचं वाच.” तिनं वाचलं. मान वर न करताच म्हणाली,

“आई म्हणाली, बाबांचा कार्यक्रम होऊन जाऊ दे. त्यांना कोणी तरी पहिल्यांदाच मानपत्र देतंय.”

त्या मानपत्रासाठी दीड महिना! मीही कोणाचं तरी तसंच लिहिलं असतं, अर्ध्या तासात, चहा पिता पिता. मग मी बोललो. बायकोला बोललो, मुलीला बोललो, मूर्ख म्हटलं, स्वार्थी म्हटलं, इतक्या जोरात की शेजारच्या कापड विणणाऱ्या लूमवाल्यानं लूम बंद करून डोकावून पाहिलं. मी दमल्यावर मुलीनं पदरानं डोळे पुसले.

“तुम्ही निदान आता ओरडलात, बाबा,” ती म्हणाली. “मला तिनं शपथ घातली होती. तो दीड महिना मी रोज तिच्याबरोबर तुमच्या समारंभाच्या शालीचा रंग निवडायला दुकानात जात होते.”