पाल्हाळकाकांचा निरोपाचा मेल

दवाखान्याच्या ऑफिसात सगळे त्यांना पाल्हाळकाका म्हणत, कारण वेळ विचारली तरी ते घड्याळ कुठून घेतलं तिथून सुरुवात करत. नोकरी सोडताना कामं सोपवणारा मेलही त्यांनी तसाच लिहिला. बिलिंगमधून बॅकअप, बॅकअपमधून लिफ्टवाला, मध्येच मुलीचं बाळंतपण!

त्यांच्या जागी आलेल्या ताईने आधी कपाळाला हात लावला. मग तिने एकेक काम वेचून बिलिंग, अपॉइंटमेंट, बॅकअप, इमारत अशा मथळ्यांखाली लावलं. पुढे कोणी आणि कधी करायचं तेही लिहिलं. संगणकातल्या नोंदींचा बॅकअप अडला तर इशारा कोणाला जातो, हे मात्र मेलभर शोधूनही सापडेना. अंदाजाने काही लिहिण्यापेक्षा तिने काकांनाच विचारलं.

"माझ्याच मेलवर येतो की! आणि माझा मेल तर उद्या बंद होतोय!" काकांनी जीभ चावली.

दोघांनी तिथल्या तिथे इशाऱ्यासाठी ताईच्या मेलचा पत्ता घातला आणि चाचणीचा इशारा पाठवून पाहिला. ताईच्या संगणकावर टिंग वाजलं.

काकांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "पोरी, एवढंच काम करत होतो होय मी?"

"एवढं सगळं एकटे करत होतात, काका!" ताई म्हणाली, आणि काकांची कळी खुलली.