चारातला एक भाग

जगातला प्रत्येक माणूस एकतर आडव्या चित्रातला असतो नाहीतर चौकोनी, आणि कोण कसा हे फक्त आपल्यालाच कळतं, अशी आमच्या कॅमेरावाल्या काकांची पक्की समजूत. अंधेरीतल्या उडप्याकडे इडली येईपर्यंत ते शेजारच्या टेबलांची वाटणी करून टाकत. "ते नवरा-बायको बघ. रुंद पडदा लागेल त्यांना. दोन टोकांना बसवायचं, मधली रिकामी जागाच भांडेल." मग गल्ल्यावरच्या मालकाकडे हनुवटी उडवून, "हा मात्र चौकोनी. एकटा जीव. बाजूला जागा दिलीस की उगाच सुखी दिसेल." मालकाला हे एकदा ऐकू गेलं. तेव्हापासून आम्हाला दुसऱ्यांदा सांबार मिळालं नाही. बोरीवलीचं नवीन घर त्यांनी खिडकी फार लांबट म्हणून नाकारलं होतं. काकूंनी दोन दिवस अबोला धरला तेव्हा घेतलं, पण खिडकीच्या दोन्ही बाजू जाड पडद्यांनी कायमच्या झाकून टाकल्या.

मी किनवटकडचा. नववीत शाळा सोडून इथे आलो आणि शूटिंगवर दिवे उचलू लागलो. आजही कुणी साहेब "जरा बोलायचंय" म्हणाला की मी बसलेला असलो तरी उठून उभा राहतो. काकांनी मला एडिटिंगच्या खोलीत नेऊन बसवलं, शेजारी खुर्ची ओढून महिनोन् महिने शिकवलं. मला हाक मारायचे गावाच्या नावाने. "किनवट, आकार आधी ठरतो रे, गोष्ट त्यात राहायला येते."

मुलुंडच्या एका खोलीत राहणाऱ्या आईवर त्यांनी सिनेमा केला तो जुन्या टीव्हीसारख्या चौकोनी चित्रात, चारास तीन. मी म्हटलं, "काका, आता सगळे पडदे रुंद." ते म्हणाले, "रुंद चित्रात माळा आणि जमीन एकदम घ्यायला कॅमेरा मागे न्यावा लागतो, आणि मागे भिंत आहे. वाइड लेन्स लावली तर दहा बाय दहाची खोली लग्नाचा हॉल दिसते. मला उंची हवीय. बाई खाली, आणि डोक्यावर घर."

त्या सिनेमाचा जीव एका चित्रात होता. खालच्या कडेला आई जमिनीवर बसून तांदूळ निवडते आहे, वरच्या कडेला पोटमाळा, त्यावर मुलाची बॅग. हेच चित्र तीनदा येतं. तिसऱ्यांदा माळ्यावर बॅग नसते. आई वर बघतच नाही, फक्त तिचे हात थांबतात. मुलगा कायमचा गेला, हे कुणीही बोलत नाही.

निर्मात्याने सिनेमा बघितला आणि म्हणाला, "बाजूला काळ्या पट्ट्या? लोकांना वाटेल टीव्ही बिघडला. ताणून भरा ना!" काका म्हणाले, "टीव्ही रुंद झाला म्हणून बाई रुंद होत नाही, साहेब." मग कापायचं ठरलं. आजच्या रुंद टीव्हीसाठी सोळास नऊ करायचं तर उंचीतला चारातला एक भाग जातो. काका उठून गेले. साहेब माझ्याकडे वळले, "तू करतोस की दुसरा माणूस बोलावू?"

मी केलं. काकांना फोन करून आधी विचारलं, हे खरं. "चौकट खालून वर सरकवू का, काका? आधी हात, मग माळा?"

"मग आपण बोट दाखवल्यासारखं होईल रे. ते बघणाऱ्याचं त्याला दिसायला हवं." मग म्हणाले, "तुझी नोकरी सांभाळ. काप."

वरून कापलं तर बॅग जाते, खालून कापलं तर हात. चौकट मी वर-खाली किती वेळा सरकवली असेल! शेवटी हात ठेवले. तीनही वेळा माळाच गेला आणि सिनेमात एक म्हातारी तीनदा तांदूळ निवडत राहिली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी थँक्यू सर म्हटलं, तेही मनापासून.

कलाकारांच्या घरच्यांसाठी अंधेरीतल्या छोट्या थिएटरात खेळ ठेवला होता. काका येणार नाहीत असं वाटलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि माझ्या पुढच्या रांगेत बसले. त्यांनीच मागे वळून विचारलं, "हात ठेवलेस ना? बरं केलंस." त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्यांदा ते चित्र आलं. आईचे हात थांबले. काकांच्या शेजारी एक अनोळखी बाई बसल्या होत्या, त्या पुटपुटल्या, "अगंबाई, हिला काय झालं? खडा लागला का हाताला?"

काका त्यांच्याकडे झुकले. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणा प्रेक्षकाला स्वतःचं चित्र समजावून सांगितलं नव्हतं. हळू आवाजात म्हणाले, "नाही हो. वर माळा आहे. त्यावर तिच्या मुलाची बॅग असायची. आता नाहीये."

बाईंनी मान वर करून पडद्याच्या वरच्या कडेकडे पाहिलं. तिथून पुढे थिएटरची काळी भिंत होती. तरी त्या बराच वेळ तिकडेच बघत राहिल्या, आणि मग पदराने डोळे पुसू लागल्या.