झाकणाचा मधला टप्पा

कारखान्यात चाळीस माणसं होती आणि बहीण सगळ्यांना मिळून एकच होती. मालक म्हणजे दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो दाजी म्हणायचा, म्हणून फिटर दाजी म्हणायचा, वेल्डर दाजी म्हणायचा, आणि फाटकावरचा पहारेकरी तर सलाम ठोकून ओरडायचा, "आले बरं का दाजी!" आपलं खरं नाव दाजींना फक्त पगाराच्या दिवशी वाचायला मिळायचं.

कारखाना मोठ्या स्वयंपाकघरांसाठी वाफेवर चालणारी पातेली बनवायचा. एकेका पातेल्यात दोन माणसं उभी मावतील. दाजी नकाशे काढायचे. त्यांची केबिन प्लायवूडची होती. खिडकी होती, पण ती उघडायची शेजारच्या शेडच्या भिंतीवर. उन्हाळा आहे की हिवाळा, हे दाजींना पंख्यावरून कळायचं.

नोकरी सोडायचा विचार त्यांनी कितीदा केला असेल. परक्या मालकाला तोंडावर नाही म्हणता येतं, रागावता येतं, राजीनामा टेबलावर आपटून बाहेर पडता येतं. इथे आपटलेला राजीनामा जेवायच्या ताटापर्यंत यायचा. बायको वाढता वाढता म्हणायची, "छोटू काय म्हणत होता?" आणि छोटू दुसऱ्या दिवशी केबिनच्या दारात उभा राहून म्हणायचा, "ताई रडत होती म्हणे." मध्ये ताईचीही चटणी व्हायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

या वेळी मात्र जमलं होतं. बाटल्या भरायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने त्यांना बोलावलं होतं. तिथला मॅनेजर मुलाखतीत त्यांच्या आडनावाला साहेब लावून बोलला. दाजींना क्षणभर वाटलं, मागे कोणीतरी उभं आहे. सोमवारी रुजू व्हायचं होतं. मेहुण्यालाही तोंड पाडून का होईना, हो म्हणावं लागलं होतं. त्याची अट एकच होती: "रुग्णालयाच्या ऑर्डरचं झाकण पास करा आणि सुटा."

झाकण जड होतं. सरळ वर उचललं तर स्वयंपाक्याचा खांदा निखळेल, म्हणून ते दांड्यांवर बसवलं होतं. वर उठत उठत मागे कलायचं आणि शेवटी भिंतीसारखं उभं राहायचं. एक पुढचा आखूड दांडा, एक मागचा लांब दांडा, तिसरं स्वतः झाकण. चौथं पातेल्याचं अंग. ते हलत नाही, पण हिशेबात धरावं लागतं, कारण दोन्ही दांड्यांच्या खालच्या पिना त्याच्यावरच असतात. चार सांधे, चार लांब्या. कोणतीही एक लांबी बदला, झाकण वेगळ्या वाटेने जातं.

पूर्वी दाजी हे कागदावर करायचे. झाकण बंद, झाकण उघडं, आणि हिंमत असेल तर मधली दोनचार चित्रं. आता संगणकावर मोशन स्टडी चालवतात. अंग पक्कं करायचं, पिना जोडायच्या, पुढच्या दांड्याला खोटी मोटर लावायची आणि हळूहळू फिरवायचं. कुठे एक भाग दुसऱ्यात घुसला, की तो लाल होतो. पावलं बारीक घ्यावी लागतात. ढांगा टाकत गेलं, तर मधली टक्कर दोन चित्रांच्या फटीतून निसटते. दाजींनी पावलं बारीकच घेतली होती. झाकण पंच्याऐंशी अंशांपर्यंत गेलं आणि परत आलं. कुठेही लाल नाही. मेहुण्याने उभ्या उभ्या दोनदा पाहिलं, ती फिल्म रुग्णालयाच्या इंजिनिअरला पाठवली आणि दाजींच्या पाठीवर थाप मारली. पहिलं पातेलं ट्रकवर चढलं.

मग वस्ताद आला. वस्ताद म्हणजे जुळवणीचा मुख्य फिटर. चहाचा ग्लास हातात धरूनच तो केबिनमध्ये शिरायचा.

"दाजी, जाता जाता एक पुण्य करा. रबराचं सामान किती मागवायचं तेवढं सांगा. तुमच्या मागे आम्हाला कोण सांगणार?"

"मी काय मरतोय का?"

"त्याहून वाईट. बाटलीवाल्यांकडे जाताय."

हसत हसत दाजींनी रबराच्या सामानाचा गट पडद्यावर चालू केला. स्टडी चालवताना तो त्यांनी बंद ठेवला होता. सगळेच ठेवतात. झाकणाखालचं गॅस्केट, म्हणजे वाफ अडवणारं रबरी कडं, नकाशात न दाबलेलं काढतात, त्यामुळे झाकण बंद झालं की ते पत्र्यात घुसलेलं दिसतं आणि उगाच लाल होतं. त्या लालीला कंटाळून माणूस रबर बंद करतो आणि कामाला लागतो.

गॅस्केट दिसलं. पायांची बुचं दिसली. आणि मागच्या बाजूला वाफेची रबरी नळी दिसली, टोकाला पोलादी एल्बो, काटकोनात वळलेला जोड. नळी आणि एल्बो एकत्रच विकत मिळतात, म्हणून एकत्रच रबराच्या गटात टाकलेले. टाकणारे दाजीच.

"काय झालं?" वस्ताद म्हणाला.

"काही नाही. आकडा नंतर देतो."

वस्ताद गेल्यावर त्यांनी स्टडी पुन्हा चालवली, सगळे भाग धरून. बंद असताना गॅस्केट लाल, ते ठीक. झाकण उठलं. चाळीस अंशांच्या आसपास मागचा दांडा आणि एल्बो, दोन्ही लाल झाले. पन्नासच्या पुढे पुन्हा साफ. बंद झाकण निर्दोष, उघडं झाकण निर्दोष, आणि मध्ये दांडा एल्बोत सहा मिलिमीटर शिरत होता.

दाजी खुर्चीत मागे टेकले. खुर्ची भिंतीला लागली. केबिनमध्ये तेवढीच जागा होती.

जुळवणीत कळेल, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पण कळणार नव्हतं. इथे झाकणाची चाचणी नळीविना होते, वाफ जोडतात ती रुग्णालयात गेल्यावर. तिथला फिटर दांडा अडला की ग्राइंडर मारणार. दांडा घासत राहणार, एल्बोचे आटे ढिले होत जाणार, आणि एक दिवस झाकण उचलणाऱ्याच्या हातावर वाफ येणार. त्या दिवशी दाजी बाटल्यांच्या कारखान्यात साहेब असणार.

घरी जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं. ती नकाशावाल्याची बायको आणि कारखानदाराची बहीण. तिला एल्बो समजावून सांगावा लागला नाही.

"छोटूला सांगितलंत?"

"नाही अजून."

"मग सोमवारी सांगा. तिकडे रुजू झालात की फोन करून सांगा."

"अगं, पातेलं ट्रकवर गेलंय."

"वाफ जोडायला वेळ लागेल ना?"

"आणि दुरुस्ती कोण करेल?"

"दुनियेत दुसरा नकाशावाला नाही का?" ती एकदम म्हणाली. मग आवाज खाली आणून, "अहो, त्याला आज सांगितलंत, तर तो तुम्हाला सोडायचा नाही. मी ओळखते त्याला. लहानपणी पतंग कापला गेला, तर मांजा धरून बसायचा."

दाजी हात धुवायला उठले. तिने दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

सकाळी ते सगळ्यांच्या आधी कामावर गेले. रोगाबरोबर औषधही द्यायचं, मग अडकवायला कारण उरणार नाही, असा त्यांचा बेत होता. पहिला उपाय सोपा: झाकण चाळीसच्या आधीच थांबवायचं. पण मग झाकणाची कड स्वयंपाक्याच्या कपाळासमोर येत होती. रद्द. पिना हलवाव्यात, तर त्या धरणारे कंस पातेल्याला वेल्ड झालेले. मग त्यांनी दांड्याचा आकार धरला. दोन पिनांमधलं अंतर तेच ठेवलं, तर दांडा सरळ असो की वाकडा, झाकणाला फरक पडत नाही. ते आपल्याच वाटेने जातं. त्यांनी दांड्याला मध्ये बाहेरच्या बाजूला पायरी दिली. एल्बो सुटला, पण झाकण खाली येताना दांडा बाजूच्या पत्र्याला घासला. पायरी कमी केली. पत्रा सुटला, एल्बोशी जेमतेम दोन मिलिमीटर उरले. झिजलेली पिन तेवढं एका वर्षात खाते. शेवटी पायरी आखूड केली, एल्बोपुरती बाहेर आणि लगेच परत आत. वाकडा दांडा पिळला जातो, म्हणून जाडी वाढवली. स्टडी चालवली, या वेळी सगळं धरून. दोन्हीकडे आठ मिलिमीटर. गॅस्केट सोडून कुठेही लाल नाही.

मेहुणा आला तेव्हा त्यांनी दोन्ही फिल्म्स दाखवल्या. तो लाल डागाकडे बघत राहिला.

"हे रुग्णालयाला कळलंय?"

"आपण सांगायचं. पहिल्या पातेल्याला वाफ जोडू नका म्हणावं, दांडे बदलून देतो."

"पास झालेली फिल्म खोटी होती, असं मी त्यांना सांगू?"

"खोटी नव्हती. अर्धी होती. चूक माझी, माझं नाव सांग."

"तुमचं नाव!" मेहुणा हसला. "तुम्ही सोमवारी बाटल्या भरणार. इथे शिव्या कोण खाणार? आठ पातेल्यांचे दांडे कापायचे, वाकवायचे, बसवायचे. कुठे अडलं तर कोणाला विचारू, भिंतीला?"

"नकाशा पूर्ण आहे. वस्तादला सगळं समजतं."

"वस्तादला हातोडा समजतो." मेहुणा खुर्ची ओढून बसला आणि त्याचा आवाज मऊ झाला. तो मऊ झाला की दाजींना भीती वाटायची. "दाजी, मी आत्ता फोन करतो. तुमच्यासमोर. पण तुम्ही जायचं नाही. जाणार असाल, तर फिल्म पास झालेली आहे. मला काही माहीत नाही."

"माणूस भाजेल, रे."

"म्हणून तर विचारतोय. घरचा माणूस ना तुम्ही?"

बाहेर कोणीतरी पत्रा आपटला. पडद्यावर स्टडी फिरून फिरून चालू होती. झाकण उठायचं, मागे कलायचं, उभं राहायचं, परत खाली यायचं. चार सांधे, आणि वाट एकच.

आपणच फोन करावा का, असा विचार दाजींच्या मनात आला. पण रुग्णालयाचा इंजिनिअर मालकाचं ऐकणार, सोडून जाणाऱ्या नोकराचं नाही. रागाने गेला, एवढंच म्हणेल.

"कर फोन," दाजी म्हणाले.

मेहुण्याने केला. चांगला केला. गयावया नाही, लपवाछपवी नाही. "आमच्या दाजींनी पकडलं," असं अभिमानाने सांगितलं. वाफ जोडायची थांबली. फोन ठेवून त्याने पुन्हा पाठीवर थाप मारली आणि चहा सांगितला. पकडल्याचा आनंद त्याला खरोखर झाला होता. काय पकडल्याचा, ते दाजींनी विचारलं नाही.

चहा आल्यावर, दार लावून, दाजींनी दुसरा फोन केला. बाटल्यांचा मॅनेजर सभ्य माणूस. दोन महिने थांबाल का, असं विचारल्यावर तो म्हणाला, थांबता येणार नाही, यादीत पुढचे आहेत. "काही अडचण आहे का, साहेब?" दाजी म्हणाले, "घरची."

मग त्यांनी जाड पत्र्याच्या दांड्याचा नकाशा छापून वस्तादला नेऊन दिला. वाकवायची रेघ कुठून धरायची, ते दोनदा सांगितलं. वस्तादने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "म्हणजे जात नाही तर!" तो खूश झाला. त्याच्या खुशीचाही राग करता येईना.

घरी पोचले तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"छोटूचा फोन आला होता," ती म्हणाली. "पेढे घेऊन येतोय म्हणाला. तुम्ही राहिलात म्हणून."

दाजी दारातच उभे राहिले.

"रुग्णालयाला कळवायला त्याने दुसरी वाटच ठेवली नाही."

"माहीत आहे. मी तुमच्या जागी असते, तर मीही हेच केलं असतं." तिने गॅस बारीक केला. "पण सोमवारपासून मीसुद्धा सुटणार होते. ते कोणाच्या ध्यानात आलं नाही."

तिने कप काढले. तीन.