शेवटच्या हप्त्याची नवरी

आमच्या मालकीणबाई, दोन्या एडुविहेस, यांचा जगातल्या दोनच गोष्टींवर विश्वास होता: इसार आणि जामीनदार. नवरीच्या डोळ्यांतल्या पाण्यावर तर मुळीच नव्हता. "रंग चढला की हप्ता उतरतो," असं त्या म्हणायच्या. आणि खरंच, हप्त्यावर विकलेला फ्रिज उचलून आणता येतो, पण लग्न लागल्यावर नवरीचा मेकअप कुठून परत आणणार?

इथे चोलुला गावात त्यांच्या पार्लरमध्ये मी अकरा वर्षं केस विंचरतेय, म्हणून सांगते. नवरीचं पूर्ण पॅकेज अठरा हजार पेसोंचं. त्यात चेहऱ्याचे उपचार, सरावाचा मेकअप, लग्नाच्या दिवशीची वेणीफणी, शिवाय आई आणि चार करवल्या. एवढे एकदम कोण देणार? म्हणून तारीख धरायला पाच हजार चारशे इसार, तो परत नाही. बाकीचे सहा हप्ते, दर महिन्याला एकवीसशे. सरावाचा मेकअप तिसऱ्या हप्त्यानंतर. शेवटचा हप्ता लग्नाच्या पंधरा दिवस आधी, नाहीतर नवरीने खुर्चीला हात लावायचा नाही. वर एका जामीनदाराची वचनचिठ्ठीवर सही.

इत्सेलचं लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी होतं. त्या शनिवारसाठी आम्ही दुसऱ्या दोन नवऱ्या परत पाठवल्या होत्या आणि मदतीला बाहेरून दोन मुली बोलावून त्यांना आगाऊ पैसेही दिले होते. इत्सेलने चार हप्ते वेळेवर भरले. पाचवा आला नाही. सहाव्याचीही चिन्हं दिसेनात. हे काम बुडालं तर इसार आमचाच, पण मुलींचे पैसे आणि तो शनिवार गेला असता, आणि आमचा वर्षअखेरचा बोनस त्याच शनिवारावर होता. माझ्या छपराची गळती त्या बोनसची वाट बघत होती, म्हणून मीही डोळ्यांत तेल घालून दाराकडे बघत होते.

मालकीणबाईंनी जामीनदाराला फोन लावला. तो इत्सेलचा मामा, फुल्हेन्सियो. फोन त्याच्या बायकोने उचलला.

"ते उत्तरेला गेले, बाई. सीमेपलीकडे. कामाला."

"कधी?"

"सही केली ना, त्याच आठवड्यात."

मालकीणबाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "माक्रिना, शनिवारसाठी दुसरी नवरी शोध."

दुसरी कुठली सापडते? हंगामात नवऱ्या काय झाडाला लागतात?

लग्नाला सोळा दिवस राहिले, तेव्हा इत्सेल आणि तिची आई ओबदुलिया आल्या. रिकाम्या हाताने नाही. सोबत झाकलेली टोपली होती: सणाचा गोड पाव, फळं आणि मधोमध दारूची बाटली. आमच्याकडे अशी टोपली घेऊन माणसं एकाच कामाला येतात. लग्नात प्रत्येक गोष्टीला एक मानाची पालक असते, तिला माद्रिना म्हणतात. केकची माद्रिना, अंगठ्यांची माद्रिना. जिचा मान, तिचा खर्च. आणि टोपली परत पाठवली तर गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही.

ओबदुलिया उभीच राहिली. "दोन्या एडुविहेस, आमच्या पोरीच्या मेकअपची माद्रिना तुम्ही व्हावं, अशी आमची विनंती आहे."

मी हसू दाबायला आरशाकडे तोंड केलं. कर्जदाराने सावकारालाच जामीन ठेवलं होतं!

"ओबदुलिया, तुला लाज नाही वाटत?" मालकीणबाई म्हणाल्या.

"वाटते ना. म्हणून तर बाटली चांगली आणली."

इत्सेल मात्र हसली नाही. "मामा पळाला ते खरंच आहे, बाई. आणि बाबांचं काम सुटलंय. पण तसं नसतं तरी मी तुम्हालाच विचारणार होते. सहा महिने दर महिन्याला माझ्या चेहऱ्याला तुम्ही हात लावलाय. आईनंतर तुम्हीच."

मालकीणबाई टोपलीकडे बघत राहिल्या. बावीस वर्षांत त्यांनी या गावातल्या तीनशे-साडेतीनशे नवऱ्या सजवल्या असतील. प्रत्येक लग्नघरी त्या मागच्या दाराने शिरायच्या आणि जेवणं बसायच्या आत पेटी उचलून परतायच्या. टोपली कुणीही आणली नव्हती. ज्या बाईचे हप्ते फेडायचे, तिला मान कोण देतो? मला त्यांची दया आली, आणि ती आल्याचा रागही आला.

"ही चलाखी आहे," त्या म्हणाल्या.

"आहे," ओबदुलिया म्हणाली.

मालकीणबाईंनी टोपली घेतली.

त्या दोघी गेल्यावर त्यांनी स्वतःच्या पर्समधून बेचाळीसशे पेसो काढून मोजले आणि गल्ल्यात टाकले. "पावती फाड, माक्रिना. हप्ता पाचवा आणि सहावा, माद्रिनेकडून."

"बाई, गल्ला तुमचाच, पर्सही तुमचीच. सोडून द्या ना."

"तुमचा बोनस गल्ल्यातून निघतो, माझ्या पर्समधून नाही. आणि सोडून दिलं तर मी माद्रिना कसली? फुकट मेकअप करणारी एक बाई. पावती फाड."

मी पावती फाडली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि गल्ल्यात न ठेवता छातीशी, झंपरच्या आत ठेवली. मग विचारलं, "माद्रिनेला जेवायला पहिल्या पंगतीत बसवतात ना गं?"