नुसता हॅशटॅग

धम्मप्रियाला राग आला की ती आवाज चढवत नाही, खुर्ची मागं सारते. त्या मंगळवारी तिनं खुर्ची अशी सारली की भिंतीवर आपटली.

हदगावची ही बाई. सहा वर्षं रक्तपेढीत नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि आता नांदेडात 'रक्तसाथ' या संस्थेचे मेसेज बघते. कुणाला रक्त लागलं की संस्थेच्या पेजवर मेसेज येतो, ही मंडळी दाता शोधून देतात. काम पुण्याईचं आहे, पण त्या दिवशी या पुण्याईच्या कामाचीच चीड आली तिला.

झालं असं की कॉम्प्युटरवर 'रिकामे' नावाचा एक कप्पा होता. ज्या मेसेजात रक्तगट नाही, दवाखाना नाही, ते आपोआप त्यात जाऊन बंद व्हायचे. वरिष्ठ असलेल्या सत्यमनं तो नियम लावला होता. सहज म्हणून तिनं तो कप्पा उघडला, तर वैजनाथ नावाच्या माणसाचा सकाळी नऊला मेसेज: '#रक्तसाथ'. साडेनऊला पुन्हा '#रक्तसाथ'. सव्वादहाला तिसऱ्यांदा तेच. आणि आता अकरा वाजलेले!

"सत्यम, हे काय हाय?"

"रिकामा आहे, ताई. मजकूरच नाही. कुणीतरी चाळा म्हणून पाठवला असेल."

"तीनदा? सकाळपासून चाळा करून राहिला का तो? अरे, आपलं पोस्टर बघ जरा! 'रक्त हवंय? फक्त #रक्तसाथ लिहा!' हे तूच छापलंस ना? त्या माणसानं अक्षर न अक्षर आपलंच ऐकलं, आणि आपण त्यालाच रिकामा म्हणतो? लाज वाटली पाहिजे आपल्याला!"

तिच्या गल्लीत कुणाच्या दारी गेलं तर माणूस अंगणात उभा राहून आधी नावानं हाक मारतो, "ओ पंचफुलाबाई!" आतून "ओ" आल्याशिवाय कामाचं तोंडातून काढत नाही. तेच वळण वैजनाथच्या बोटांत उतरलं होतं. नाव लिहिलं, आता उत्तराची वाट बघायची. पण हे पुस्तकात शिकलेल्यांना कोण सांगणार?

"मग बारा रकान्यांचा फॉर्म पाठव," सत्यम म्हणाला.

"न्हाई! त्याला काय पाहिजे ते अजून त्यानं सांगितलंच न्हाई, अन् तू रकाने भरायला लावतोस?" रक्तच हवं असेल असंही ती धरून चालली नाही. एवढंच लिहिलं: 'नमस्कार, रक्तसाथमधून धम्मप्रिया बोलतेय. तुमचा मेसेज मिळाला, उशीर झाला, माफ करा. बोला, काय मदत पाहिजे?'

मिनिटही गेलं नाही. वैजनाथचा मेसेज लांबलचक आला, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. हिमायतनगरहून बायको शिल्पा बाळंतपणाला आणलेली, रक्तस्राव थांबत नाही, ओ निगेटिव्ह एक पिशवी लावली, अजून दोन लागतात. 'ताई मी सकाळपासून हाका मारून राहिलो कुणी बोलंना वाटलं आता हे बंद झालं.'

डोळ्यांत पाणी आलं तरी हात थांबले नाहीत. कोणता दवाखाना आणि फोन नंबर एवढंच तिनं विचारलं, दवाखान्याला फोन करून मागणी खरी असल्याची खात्री केली, मग ओ निगेटिव्हच्या दात्यांना एकेक फोन. बुद्धप्रिया नावाची प्राध्यापिका तास सोडून निघाली, विष्णुपुरीहून एक विद्यार्थी निघाला. तपासण्या होऊन पिशव्या पोचायला दुपार झाली. चारला वैजनाथनं कळवलं की शिल्पानं डोळे उघडले, पोरगीही बरी आहे.

"वाचली ना? मग झालं तर," सत्यम सुटल्यासारखा म्हणाला.

"झालं?" महिन्याभराचा तो अख्खा कप्पा तिनं त्याच्यासमोर उघडला. त्रेचाळीस मेसेज. कुठं हॅशटॅग, कुठं नुसतं पेजचं नाव. प्रत्येकाला तिनं हाक दिली: बोला, काय मदत पाहिजे?

उत्तरं यायला लागली. कुणाकडून चुकून गेलेला, कुणाला रक्त दुसरीकडं मिळालेलं, दोघांना रक्त द्यायचंच होतं. सत्यमचा चेहरा जरा सैल पडत होता, तेवढ्यात लातूरहून संगप्पा नावाच्या माणसाचं उत्तर आलं.

'आता नको. आई बारा तारखेला गेली. मी अकरा तारखेला लिहिलं होतं.'

धम्मप्रियानं स्क्रीन सत्यमकडं वळवली. "वाच. मोठ्यानं वाच."

त्यानं वाचलं. मग लहान पोरासारखं विचारलं, "ताई, याला काय लिहायचं?"

"मला काय विचारतोस? नियम तुझा हाय," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी खुर्ची रिकामी केली. "बस. अन् संस्थेच्या नावानं लिहू नको. स्वतःच्या नावानं लिही."