राखाडी पिल्लाचे डोळे

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. बायकोनं दोनदा विचारलं, तेव्हाही विषय बदलला. ती गेली. आता टाळायलाही कोणी उरलं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

नव्वदच्या दशकात मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गुरांच्या दवाखान्यात होतो. डॉक्टर नव्हतो, पशुधन पर्यवेक्षक होतो. लसी टोचणं, मलमपट्टी, आणि विम्याच्या गाईंचं वर्णन लिहिणं ही माझी कामं. रंग, शिंगं कशी वळलेली, शेपटीचा गोंडा काळा की पांढरा, डोळे कसे. एकदा एकानं विम्याची गाय मेली म्हणून भलतीच मेलेली गाय दाखवली होती, ती मी डोळ्यावरून पकडली. विम्याच्या गाईचा एक डोळा पांढुरका होता, मेलेलीचे दोन्ही काळे. तेव्हापासून बैलाच्या खरेदीत भांडण झालं की लोक म्हणत, दवाखान्यातल्या भाऊंना बोलवा. मलाही ते आवडायचं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक शिलाई करणारी बाई राहायची. नवरा बाजारांत बांगड्या विकत फिरायचा. सगळे तिला आपा म्हणत. बायका तिच्याकडे लग्नाकार्याचं महागाचं कापड निर्धास्त टाकून जात, कारण उरलेली चिंधीसुद्धा ती पुडीत बांधून परत द्यायची. तिच्या मांजरीनं मशीनखालच्या कातरणांत पिल्लं घातली. त्यातलं एक अंगभर राखाडी होतं, कुठं ठिपका नाही. महिना-सव्वा महिन्याचं झालं तेव्हा एका साहेबांच्या बाईसाहेब ब्लाउजचं माप द्यायला आल्या आणि त्याचे निळे डोळे पाहून हरखल्या. आपानं ते देऊन टाकलं.

आठ दिवसांनी साहेब मंडळी उन्हाळ्याच्या सुटीत गावी निघाली. पिल्लू सांभाळायला पुन्हा आपाकडेच ठेवलं. परतली जून संपता संपता. पिल्लू चांगलं वाढलं होतं, पण डोळे पिवळे.

बाईसाहेबांनी मला घरी बोलावलं. व्हरांड्यात आपा उभी होती. पिल्लू तिच्या पदराशी खेळत होतं.

"भाऊ, तुम्हीच सांगा," बाईसाहेब म्हणाल्या, "हे माझं पिल्लू आहे का? माझ्या पिल्लाचे डोळे निळे होते, सगळ्यांनी पाहिलेत."

आपा म्हणाली, "तेच आहे हो भाऊ. लहानपणी साऱ्यायचेच निळे राह्यते. मंग बदलते. माझ्या घरी मांजरीचे चार येत झाले, दरवेळी पिल्लायचे डोळे पाह्यले मी. खोटं काऊन बोलू? मले काय भेटते त्यातून?"

"निळ्या डोळ्यांचं कोणीही पैसे देऊन घेईल," बाईसाहेब म्हणाल्या.

"तौबा! मांजर कोनी इकते का, बाई?"

मी पिल्लू उचललं, उजेडाकडे धरलं, गाईचे पाहतो तसे दोन्ही डोळे पाहिले. स्वच्छ होते, कसलाही आजार नव्हता. मी म्हणालो, "जनावराचा डोळा रंग बदलत नसतो. आजारानं पांढरा पडेल, पण निळ्याचा पिवळा व्हायचा नाही."

"भाऊ, थोडे दिवस थांबा ना," आपा म्हणाली. "पुढच्या येताले मी तुमाले दाखवतो."

बाईसाहेब माझ्याकडे पाहत होत्या. मी हसून म्हणालो, "आपा, तुम्ही ब्लाउज शिवा. जनावरं मला पाहू द्या."

हे वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं. आपानं माझ्या हातातून पिल्लू घेतलं, खाली ठेवलं आणि ती गेली.

पुढचं दोन-तीन महिन्यांत झालं. जी पिल्लू बदलते ती कापड का नाही बदलणार, असं पाण्याच्या टाकीवर बोललं जाऊ लागलं. शालू टाकलेल्या बाईनं तो न शिवताच परत नेला. दुसरीनं कापड सगळ्यांदेखत मीटरपट्टीनं मोजून घेतलं. माझी बायको म्हणाली, "मी तरी टाकते तिच्याकडेच." मी म्हणालो, "कशाला उगाच? लोक मला नावं ठेवतील." तीही जायची थांबली. दिवाळीच्या आधी, जेव्हा आपाकडे पाय ठेवायला जागा नसायची, तेव्हा मशीनवर कापड झाकलेलं होतं. नंतर ते कुटुंब आंध्रच्या सीमेवर सिरोंच्याला तिच्या बहिणीकडे गेलं.

त्याच हिवाळ्यात दवाखान्याच्या कोठीत सरकीच्या ढेपेच्या पोत्यांमागे एक मांजर व्याली. पिल्लांचे डोळे आठ-दहा दिवसांनी उघडले, सगळ्यांचे निळे. मी रोज किल्ली घेऊन कोठी उघडायचो आणि आधी तिकडेच पाहायचो. दीड महिना होत आला तसा निळा रंग मळकट दिसू लागला. मग आतल्या कडेला, बाहुलीभोवती, पिवळी झाक आली. तीन-साडेतीन महिन्यांत दोघांचे पिवळे आणि एकाचे हिरवे झाले. पिल्लं बदलायला त्या कोठीची किल्ली माझ्याशिवाय कोणाकडे नव्हती.

मी डॉक्टरांना विचारलं, सहज विचारल्यासारखं. ते म्हणाले, "अहो, निळा रंग डोळ्यात नसतोच. बुबुळात रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या जन्मानंतर उशिरा कामाला लागतात. तोवर उजेड आत विखुरतो आणि आपल्याला निळं दिसतं, आभाळ दिसतं तसं. पेशींनी रंग भरला की जो त्याचा रंग तो दिसतो. किती भरला त्यावर हिरवा, पिवळा, तांबूस. काही जातींत तो भरतच नाही, त्यांचे निळेच राहतात. तुम्हाला इतक्या वर्षांत दिसलं नाही?"

दिसलं नव्हतं. विमा मोठ्या झालेल्या गाईचा असतो. लहान जीवाचं वर्णन मी कधी लिहिलंच नव्हतं. आपानं मात्र मशीनवर बसल्या बसल्या चार वेतं पाहिली होती.

त्याच दिवशी मी बाईसाहेबांकडे जायला हवं होतं, पाण्याच्या टाकीवर उभं राहून बोलायला हवं होतं. मी डॉक्टरांना म्हणालो, "असं का," आणि लसींचा डबा आवरू लागलो. साहेबांची बदली झाली. पिल्लू त्यांनी मागेच ठेवलं.

काही वर्षांनी लसीकरणाच्या शिबिरासाठी मला सिरोंच्याला पाठवलं. बाजारात आपाचं घर विचारलं, तर एका पोरीनं तेलुगूत काहीतरी सांगत नेऊन सोडलं. आपा दारातच मशीनवर होती. चष्मा लागला होता.

"अरे भाऊ! तुमी इथी कसे? बाई बरी आहे ना? बसा, चाय टाकतो."

मी बसलो. ती चहा घेऊन आली, जुन्या गल्लीतल्या एकेकीची चौकशी केली. कोणाची मुलगी कुठं दिली, कोणाचं घर बांधून झालं. ज्या बाईनं शालू परत नेला तिचीही. त्या पिल्लाचं नाव तिनं काढलं नाही. इथं तिच्या दोरीवर तेलुगू बायकांची कापडं लटकत होती, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली. मी विचारलं, "चिठ्ठ्या कशाला?" ती म्हणाली, "कोनी म्हणू नये ना, बदलवलं म्हणून."

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "चलतो आपा, शिबिराची गाडी सुटेल." गाडी संध्याकाळची होती.

आपा वारल्याचं मला फार उशिरा कळलं. जे सांगायला गेलो होतो ते एवढंच होतं: आपा, पिल्लू तेच होतं. तुम्ही खरं बोलत होता. मला ते त्याच हिवाळ्यात कळलं होतं आणि मी गप्प बसलो. मला माफ करा.